गुलाबी फेस कुठून येतो? ब्रश करताना रक्त येणाऱ्या एका २४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण

खुर्चीत बसायच्या आधीच तिने फोन माझ्यापुढे धरला. फोटोत वॉश बेसिन होतं, त्यात टूथपेस्टचा गुलाबी फेस आणि फेसातून ओघळलेली एक बारीक लाल रेघ. "डॉक्टर, रोज एवढं येतं," ती म्हणाली. मग बोटाने फोटो सरकवत गेली. असे तीसेक फोटो होते, चार महिन्यांतले, तारखांसह. दातांच्या दवाखान्यात इतक्या तयारीने येणारा पेशंट विरळाच. गंमत अशी की तिने इतक्या निगुतीने जमवलेल्या पुराव्यातून तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं. फेस आणि लाळेत मिसळलेला रक्ताचा एक थेंब अख्खं बेसिन गुलाबी करतो. रक्त आलं एवढं फोटो सांगतो, पण ते नेमकं कुठल्या दाताशेजारून आलं हे तो सांगत नाही, आणि मला तेच हवं होतं.

वय २४, एरवी तब्येत ठणठणीत. किशोरवयात दात सरळ करून घेतलेले. त्यानंतर खालच्या समोरच्या सहा दातांच्या मागे, जिभेच्या बाजूने, एक बारीक तार चिकटवलेली होती. दात पुन्हा वाकडे होऊ नयेत म्हणून ती कायमची ठेवतात. दुखणं नाही, दात हलणं नाही. तोंडाला सकाळी थोडा वास येतो, असं तिने स्वतःहून सांगितलं, तेही जरा संकोचून.

या चार महिन्यांत तिने तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. पहिली, मिळेल तितका मऊ ब्रश आणला आणि जिथून रक्त येतं तिथे हळूच फिरवायला, पुढेपुढे तर तो भाग टाळायलाच सुरुवात केली. दुसरी, कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या. तिसरी, क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने तीन आठवडे चुळा भरल्या. त्या काळात फेस जरा फिका झाला, बाटली संपल्यावर पुन्हा पहिल्यासारखा. दातांवर तपकिरी डाग मात्र राहून गेले. हा त्या माउथवॉशचा नेहमीचा दुष्परिणाम, आणि दोन आठवड्यांच्या पुढे तो स्वतःच्या मनाने वापरू नये याचं एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: हिरडीखाली तो फारसा पोचत नाही. वरवरची सूज थोडी बसते, मूळ कारण तिथेच राहतं, आणि आजार बरा होतोय असं माणसाला वाटत राहतं.

तोंड उघडायला सांगण्याआधी

हिरडीतून रक्त येणाऱ्या बहुतेक तरुण पेशंटच्या बाबतीत कारण तोंडातच असतं. पण थोड्यांच्या बाबतीत ते रक्तात किंवा औषधात असतं, आणि ते थोडे निसटू नयेत म्हणून काही प्रश्न आधी विचारावेच लागतात. रक्त ब्रश लावल्यावरच येतं की आपोआपही? सकाळी उशीवर डाग दिसतो का? आलेलं रक्त चूळ भरल्यावर मिनिटाभरात थांबतं की वाहत राहतं? अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, नाकातून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव, अंगात मुरलेला ताप, चढण चढताना नवीनच लागणारी धाप? हिरड्या काही आठवड्यांतच सगळीकडून फुगल्या का? यातल्या कशालाही उत्तर "हो" आलं, तर मी आधी रक्तपेशींची तपासणी करून घेते आणि मगच हिरडीला हात लावते. रक्ताचा कर्करोग किंवा प्लेटलेट्स घटण्याचे आजार कधीकधी पहिल्यांदा हिरडीतच दिसतात.

तिची सगळी उत्तरं "नाही" होती. गरोदरपण नाही. फिटचं औषध, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अवयव बदलल्यानंतर देतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी हिरडी सुजून वाढू शकते, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. यातलं ती काहीच घेत नव्हती. मधुमेह नाही, सिगारेट नाही. म्हणून रक्ततपासणी लिहून दिली नाही. व्हिटॅमिन सीच्या कमतरतेनेही हिरड्यांतून रक्त येतं हे खरं. पण ती कमतरता तेवढ्या टोकाला गेलेली असेल तर थकवा, सांधेदुखी, त्वचेवर केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके अशा खुणाही दिसतात. नुसत्या हिरडीवर ती क्वचितच थांबते.

एका उत्तराने मात्र मी सावध झाले. तिच्या वडिलांचे बरेचसे दात चाळिशीच्या आतच हलायला लागून पडले होते, कीड न लागता.

तरुणपणी सुरू होणारा एक पायोरिया असा असतो की तो पहिल्या दाढा आणि समोरचे दात गाठतो, हाड वेगाने खातो, आणि घराण्यात चालत आलेला दिसतो. अशा तोंडात घाण फारशी नसते, हिरडी वरून बरी दिसते आणि ब्रशला रक्तही धड लागत नाही. थोडक्यात, भरपूर रक्त येणारी मुलगी आणि जवळजवळ न येणारी मुलगी यांच्यात दुसरीचा आजार पुढे गेलेला असू शकतो. वडिलांची गोष्ट ऐकल्यावर रक्ताच्या प्रमाणावरून काहीही ठरवायचं नाही, सगळं मोजायचं, हे मी मनाशी पक्कं केलं.

आरशातली पाच मिनिटं

हिरडीच्या रंगावर मी फार विसंबत नाही. कुणाची हिरडी जन्मजात काळसर असते आणि तिच्यात लाली लपून जाते. त्यापेक्षा कड बघावी. निरोगी हिरडीची कड दाताला घट्ट बिलगलेली आणि धारदार असते, दोन दातांमधला तिचा त्रिकोण टोकदार असतो. तिच्या वरच्या दातांवर बहुतेक ठिकाणी तसंच होतं. खाली समोर मात्र ते त्रिकोण फुगून बोथट झाले होते, चकचकत होते, आणि तारेच्या खाली पिवळट कीटणाची एक सलग पट्टी बसली होती. कीटण तिथे जास्त साचण्यामागे साधं कारण आहे: जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं त्याच जागी उघडतात, आणि लाळेतल्या क्षारांनी दातांवरचा मऊ थर कडक होत जातो.

मग तिला मी तिचाच ब्रश देऊन रोजच्यासारखं ब्रश करायला सांगितलं. दोन मिनिटं, मन लावून. त्यानंतर दातांवर रंग लावला. हा रंग स्वच्छ दाताला धरत नाही, जंतूंच्या थराला धरतो. चूळ भरून तिने आरसा घेतला. दातांचे पुढचे पृष्ठभाग पांढरे होते, अगदी चकाचक. पण प्रत्येक दाताच्या मुळाशी हिरडीच्या कडेला गडद गुलाबी महिरप राहिली होती, आणि दोन दातांच्या मधला भाग जवळजवळ सगळीकडे रंगलेला. खालच्या तारेखाली तर रंगाचा नुसता गालिचा.

ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी जिथे ब्रश टाळते, तिथेच हे आहे."

हे वाक्य मी पेशंटकडून क्वचित ऐकते, बहुतेकदा मला ते सांगावं लागतं. ब्रश लागून जखम झाली म्हणून रक्त आलं, असं डोक्यात बसलं की माणूस तो भाग सांभाळायला लागतो. सांभाळलेल्या भागावर थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं, आणि तो आणखी सांभाळतो. चार महिने तिचं हेच चाललं होतं, आणि मऊ ब्रशने त्यात भरच घातली.

ब्रशने खरोखर जखम होतच नाही असं नाही. पण ती वेगळ्या जागी दिसते. जोरात घासणाऱ्याची हिरडी सुळ्याच्या किंवा उपदाढेच्या बाहेरच्या फुगीर भागावर सोलली जाते, तिथे झोंबतं, हिरडी हळूहळू मुळाकडे मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. तिथे दात बहुधा अगदी स्वच्छ असतो. सुजेचं रक्त दोन दातांच्या मधल्या त्रिकोणातून येतं, दुखत नाही, आणि शेजारी थर असतोच. घरी आरशासमोर उभं राहून फक्त ही जागा ओळखता आली तरी अर्धं काम होतं.

१६८ जागा

हिरडी मोजायला बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. ती दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत अलगद सरकवायची आणि किती आत जाते ते वाचायचं. जोर साधारण २५ ग्रॅम वजनाएवढा. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की प्रोब आपल्या अंगठ्याच्या नखाखाली टेकवून दाबा, दुखू न देता जेवढं दाबता येईल तेवढाच जोर. जास्त दाबलं तर निरोगी हिरडीतूनही रक्त येतं आणि सगळा हिशोब बिघडतो.

प्रत्येक दाताभोवती सहा जागा मोजतात. तिचे २८ दात धरले, म्हणजे १६८ जागा. प्रोब फिरवून काही सेकंद थांबायचं आणि कुठून रक्त उमटतं ते टिपायचं. तिच्या ६२ जागांतून आलं, म्हणजे ३७ टक्के. हिरडीच्या आजारांची सध्या वापरात असलेली वर्गवारी २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरली. तिच्यानुसार १० टक्क्यांपेक्षा कमी जागांतून रक्त आलं तर हिरड्या निरोगी धरतात, १० ते ३० टक्के म्हणजे काही भागापुरती सूज, आणि त्यावर म्हणजे तोंडभर सूज. निरोगी तोंडातही एखाद-दुसऱ्या जागी रक्त येतं, हे यात अध्याहृत आहे. "रक्ताचा एक थेंबही नको" असा हट्ट धरणाऱ्यांना मी हा आकडा मुद्दाम सांगते.

आता खोली. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर असते. तिच्या बहुतेक जागा २ किंवा ३ होत्या. खाली समोर सहा-सात जागी ४ आल्या. इथे चटकन "पायोरिया" म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण फट दोन कारणांनी खोल मोजली जाते: तळ खाली गेला म्हणून, किंवा काठ वर आला म्हणून. हिरडी सुजून एक मिलिमीटर वर फुगली तर ३ ची ४ होते, तळ जागचा हललेला नसतो. हे ओळखायला एक ठरलेली खूण आहे. दाताचं पांढरं आवरण संपून मूळ सुरू होतं तिथे एक रेघ प्रोबच्या टोकाला जाणवते, आणि हिरडीचा दाताशी असलेला घट्ट जोड त्या रेघेपासून मोजतात. तिच्या खालच्या दातांवर जोड त्या रेघेपाशीच होता. म्हणजे नुकसान शून्य, नुसती सूज.

पहिल्या चारही दाढा आणि समोरचे दात मी दोनदा मोजले. वडिलांसारखं काही नव्हतं, एक जागा सोडून. वरच्या उजव्या पहिल्या दाढेची पुढची बाजू, जिथे ती उपदाढेला टेकते, तिथे ५ मिलिमीटर आणि प्रोब काढताच रक्त. त्या दाढेत जुनं चांदीचं फिलिंग होतं आणि त्यानेच ती खुणेची रेघ झाकून टाकली होती, त्यामुळे जोड नेमका किती सुटला ते तिथे सांगता येईना. शेजारच्या उपदाढेवर मोजलं तर नुकसान नाही. दोन्ही बाजूंच्या दाढांचे एक्स-रे काढले. बाकी सगळीकडे हाडाची कड जिथे हवी तिथे होती, त्या रेघेच्या एक-दोन मिलिमीटर खाली. या दाढेपाशी किरणांचा कोन जरा तिरका पडला आणि दोन दात चित्रात एकमेकांवर आले. तेव्हाच पुन्हा काढायला हवं होतं. मी "सूज उतरल्यावर बघू" म्हणून सोडलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे तीन आठवडे त्यात गेले.

निदान लिहिलं ते असं: थरामुळे आलेली तोंडभर हिरडीची सूज, जिंजिव्हायटिस, वरच्या उजव्या पहिल्या दाढेपाशी एक संशयित जागा. एका जागेवरून पायोरियाचा शिक्का मारत नाहीत. त्यासाठी शेजारी नसलेल्या निदान दोन दातांच्या मधल्या बाजूंना जोड सुटलेला दिसावा लागतो.

रक्त का येतं, आणि ते का थांबतं

तिने विचारलं, ब्रशचा दोष नसेल तर मग रक्त येतं कसं. फटीच्या आतलं अस्तर मुळात अगदी नाजूक असतं. कडेला जंतूंचा थर पडून राहिला की शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडतं, अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि अस्तर ठिकठिकाणी विरळ होऊन फाटतं. खाली फुगलेल्या रक्तवाहिन्या, वर झिरझिरीत पडदा. मऊ ब्रशचा केसही मग पुरतो. रक्त येण्याची तयारी आधीच झालेली असते, ब्रश फक्त ती उघडी पाडतो.

आणि ही तयारी किती दिवसांत होते हे चांगलं ठाऊक आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग मी जवळजवळ प्रत्येक तरुण पेशंटला सांगते, कारण त्यातून एक मुदत हाती येते. कारण खरोखर थर असेल, तर तो रोज नीट निघायला लागल्यावर दोन आठवड्यांत रक्त ठळकपणे कमी झालंच पाहिजे. नाही झालं, तर एक तर तिथपर्यंत सफाई पोचत नाही, किंवा कारण दुसरं आहे.

कडक झालेलं कीटण मात्र ब्रशने निघत नाही. स्केलिंग करून ते काढलं, तारेच्या खालून-वरून, दोन बैठकांत. मग खरी मेहनत तिची. ब्रशचे केस दाताशी तिरके, निम्मे हिरडीच्या कडेवर आणि निम्मे दातावर टेकवायचे, जागच्या जागी बारीक थरथरवायचे आणि मग दातावरून झाडून घ्यायचे. दाढांच्या फटींत बारीक दांड्याचा छोटा ब्रश, दिवसातून एकदा, रात्री. तो फटीत अडत-अडत पण जोर न लावता जायला हवा. सैल गेला तर काही पुसत नाही, बळेच घुसवला तर टोचतो. तिला दोन मापं लागली. खाली समोर तारेमुळे साधा फ्लॉस वरून खाली उतरू शकत नाही, म्हणून ज्याचं एक टोक कडक असतं असा फ्लॉस तारेखालून ओवायला शिकवलं. पहिल्या दिवशी सहा दातांना तिला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं, ती वैतागली होती.

निघताना एक गोष्ट बजावून सांगितली: पहिले तीन-चार दिवस रक्त वाढेल. आजवर न शिवलेल्या सुजेला तुम्ही आता रोज हात लावणार आहात. तेव्हा थांबू नका. फोटोऐवजी कागदावर दातांची दोन कमानी काढा आणि छोट्या ब्रशच्या टोकाला ज्या फटीत लाल लागेल तिथे टिंब करा.

तीन आठवड्यांनी

कागद घेऊन आली. पहिल्या तीन दिवसांत टिंबांची गर्दी, आठव्या दिवसापासून विरळ, शेवटच्या आठवड्यात चार-पाच. प्रोबने मोजलं तर १६८ पैकी २१ जागा, साडेबारा टक्के. खाली समोरच्या ४ च्या जागा आता २ आणि ३ झाल्या होत्या. तळ हलला नव्हता, काठ खाली बसला होता. खोट्या खोलीचा हाच पुरावा.

पण ती खूश नव्हती. "डॉक्टर, स्केलिंगने माझ्या दातांत फटी पडल्या," म्हणून तिने ओठ खाली ओढून दाखवलं. खालच्या दोन मधल्या दातांत हिरडीपाशी सुईच्या टोकाएवढा काळा त्रिकोण दिसत होता. ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की उत्तर तोंडपाठ झालंय, तरी प्रत्येक वेळी पहिल्या दिवशीचा फोटो समोर ठेवूनच देते. त्या फोटोत तो त्रिकोण कीटणाने आणि फुगलेल्या हिरडीने भरलेला होता. जागा आधीपासून होती, आता रिकामी दिसते. कीटण काढल्याने अशा फटी पडत नाहीत. जोड टिकून असेल तर सूज उतरल्यानंतर हिरडीचं टोक काही महिन्यांत थोडं भरूनही येतं. तिला पटलं की नाही ते त्या दिवशी कळलं नाही.

कागदावर एक टिंब मात्र पहिल्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत रोज होतं. वर उजवीकडे, उपदाढ आणि पहिली दाढ यांच्यामध्ये. त्याशेजारी तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "इथे फ्लॉस फाटतो."

या तीन शब्दांनी निदान झालं. फ्लॉस एकाच फटीत पुन्हा पुन्हा अडकून तंतू-तंतू होत असेल तर तिथे काहीतरी धारदार कड असते: फुटकं फिलिंग, कीड, किंवा फिलिंगचा बाहेर आलेला कंगोरा. एक्स-रे पुन्हा काढला, या वेळी कोन जुळवून. फिलिंग दाताच्या कडेबाहेर, हिरडीखाली, जवळपास पाऊण मिलिमीटर छज्जासारखं पुढे आलेलं होतं. त्या छज्जाखाली ब्रश, फ्लॉस, काहीच पोचत नव्हतं. ते बरीच वर्षं तसंच असावं. हाडाची कड तिथे डाव्या बाजूच्या तुलनेत साधारण एक मिलिमीटर खाली आणि अस्पष्ट होती. सूज हिरडीत थांबली नव्हती, त्या एका जागी पुढे सरकली होती.

माझी तिरकी एक्स-रे आणि तिचं रोजचं टिंब, यांत टिंब जास्त कामाचं ठरलं. जुनं फिलिंग काढून नवीन भरलं, या वेळी दाताच्या कडेला घट्ट पट्टी आणि पाचर लावून, आणि भरल्यावर फ्लॉस न अडकता सरकतो हे तिच्या हातानेच तपासलं.

तीन महिन्यांनी आणि पुढे

तीन महिन्यांनी रक्त येणाऱ्या जागा ७ उरल्या, चार टक्के. त्या दाढेपाशी ५ ची ३ झाली, रक्त नाही. गेलेलं मिलिमीटरभर हाड आपोआप परत येईल अशी अपेक्षा नाही. जोड पुन्हा घट्ट बसला, पण जुन्या जागेच्या जरा खाली.

उरलेल्या सातांचं काय, असं तिने विचारलं. रक्त येणं आणि न येणं या दोन खुणा सारख्या वजनाच्या नाहीत. उपचार झालेल्या पेशंटवर निक्लाउस लांग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेले आकडे यासाठी उपयोगी पडतात: लागोपाठ चारही तपासण्यांत ज्या जागांतून रक्त आलं, त्यांतल्याही साधारण ३० टक्केच जागांचं पुढे नुकसान झालं, जिथे एकदाही आलं नाही, तिथे ते दोन टक्क्यांच्याही आत होतं. म्हणून एका दिवशीच्या रक्तावरून मी घाबरत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा बोलत असेल तर तिथे थांबते. आणि सतत कोरडी राहणारी जागा सुरक्षित आहे यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवते.

हा विश्वास सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत ठेवता येत नाही, हे कंसात सांगायला हवं. धूम्रपानाने हिरडीचा रक्तस्राव दबतो, आजार मात्र दबत नाही. तिची एक मैत्रीण म्हणे रोज ओढते आणि तिला कधीच रक्त येत नाही, म्हणून हिरड्या मस्त आहेत असं समजते. तिला मोजून घ्यायला सांगा, म्हटलं. आणि सोडल्यावर काही आठवडे उलट जास्त रक्त दिसलं तर दचकू नका, असंही.

वडिलांच्या इतिहासामुळे तिला मी सहा महिन्यांनी मोजणी आणि तारेखालचं कीटण काढणं एवढं ठरवून दिलं आहे. गेल्या खेपेला ती आली तेव्हा पुन्हा एक फोटो होता, एकच. मधे पाच दिवस तापाने आडवी झाली होती, फ्लॉस सुटला होता. सहाव्या दिवशी छोट्या ब्रशच्या टोकाला लाल लागलं. तिने फोटोखाली दाताचा नंबर लिहिला होता आणि पुढे "तारेखाली, डावीकडे". प्रोब लावला, नेमकं तिथूनच आलं. खोली २ मिलिमीटर. कीटणाचा एक बारीक कण होता, तो काढला.